रंगवलेल्या पोलादाचा इम्पिडन्स: नायक्विस्टच्या चित्रापासून समतुल्य सर्किटच्या आकड्यांपर्यंत

इम्पिडन्स मोजणारं यंत्र आणि सर्किट फिट करणारं सॉफ्टवेअर हाताशी असलं की एक खोड लागते. मोजणी संपते न संपते तोच फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, यादीतलं पहिलं सर्किट निवडायचं आणि बटण दाबायचं. आकडे येतातच, कुठल्याही सर्किटला कुठलेतरी आकडे मिळतात. मी स्वतः बरीच वर्षं असं केलं. या लेखात क्रम उलटा आहे. आधी चित्रावरून हातानं आकडे काढायचे, मग तेच आकडे फिटिंगला सुरुवात म्हणून द्यायचे, आणि शेवटी आलेली उत्तरं धातूच्या भाषेत वाचायची. उदाहरण एकच घेतलं आहे: इपॉक्सीचा १०० मायक्रॉन जाड थर दिलेला पोलादी पत्रा, ३.५ टक्के मिठाच्या पाण्यात. हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

पाण्यात ठेवण्याआधीचा हिशोब

पत्र्यावर काचेची नळी ओ-रिंग लावून घट्ट बसवायची. ओ-रिंगच्या आतला १० चौरस सेंटिमीटर भाग पाण्याच्या संपर्कात येतो. पत्रा हा कार्यकारी इलेक्ट्रोड, प्लॅटिनमची जाळी किंवा ग्रॅफाइटची कांडी हा प्रतिइलेक्ट्रोड, आणि मध्ये सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड. सगळं धातूच्या पेटीत, म्हणजे फॅरडे पिंजऱ्यात ठेवायचं आणि पिंजरा यंत्राच्या अर्थला जोडायचा.

नवा, शाबूत रंग म्हणजे एक कपॅसिटर. एका बाजूला पोलाद, दुसऱ्या बाजूला खारं पाणी, मध्ये न वाहणारा थर. त्याचा कपॅसिटन्स मोजण्याआधीच कागदावर काढता येतो:

```
C = eps * eps0 * A / d
  = 5 * 8.85e-14 * 10 / 0.01 = 4.4e-10 F
```

इथे सापेक्ष पर्मिटिव्हिटी ५ धरली आहे, क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये आणि जाडी सेंटिमीटरमध्ये. उत्तर ०.४४ नॅनोफॅरड. या एका आकड्यावरून दोन गोष्टी कळतात आणि दोन्ही पुढे उपयोगी पडतात.

पहिली वरच्या टोकाची. १०० किलोहर्ट्झला या कपॅसिटरचा इम्पिडन्स सुमारे ३.६ किलोओहम येतो. खाऱ्या पाण्याचा रोध मात्र दहा-वीस ओहम. म्हणजे सगळ्यात वरच्या वारंवारतेलासुद्धा पाण्याचा रोध एकूण इम्पिडन्सच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. या मोजणीत तो दिसतच नाही. जे दिसत नाही ते फिट करायला सॉफ्टवेअरला सांगितलं तर ते कधी शून्य देतं, कधी तीनशे ओहम. म्हणून हा रोध मोकळा न सोडता १० ओहमवर बांधून टाकायचा.

दुसरी खालच्या टोकाची. ०.०१ हर्ट्झला हाच कपॅसिटर सुमारे ३६ गिगाओहमचा होतो. त्यावर १० मिलिव्होल्ट लावले तर प्रवाह ०.३ पिकोॲम्पिअर. बहुतेक पोटेन्शियोस्टॅट तिथे प्रवाह मोजत नाहीत, स्वतःचीच गळती मोजतात. ही मर्यादा ओळखायची युक्ती साधी आहे: केबलची टोकं कुठेही न जोडता, पिंजऱ्यात एकमेकांपासून लांब ठेवून तीच मोजणी चालवायची. जो आलेख येतो तो यंत्राचा छप्पर. पत्र्याचा आलेख त्या छपराला टेकला की तिथून पुढचे बिंदू पत्र्याचे नाहीत, यंत्राचे आहेत.

मोजणी

पाणी भरल्यावर खुल्या सर्किटचं विभव स्थिर होईपर्यंत थांबायचं. विभव अजून सरकत असताना सुरू केलेली मोजणी खालच्या वारंवारतांना वाकडी होते, कारण ०.०१ हर्ट्झच्या एकाच आवर्तनाला १०० सेकंद लागतात. दर दशकाला दहा बिंदू घेतले तर शेवटच्या दशकातल्या सगळ्या बिंदूंच्या एकेका आवर्तनालाच मिळून सात-साडेसात मिनिटं जातात, आणि प्रत्येक बिंदूला दोन-तीन आवर्तनं लागतात.

लावायच्या व्होल्टेजबद्दल १० मिलिव्होल्टचा नियम सगळीकडे पाठ असतो, पण त्यामागचं कारण बघितलं तर तो कधी मोडायचा हेही कळतं. धातूवरची विद्युतरासायनिक क्रिया विभवाबरोबर घातांकी बदलते, आणि तिचं माप २५ अंश सेल्सिअसला सुमारे २६ मिलिव्होल्ट असतं. धातूवर येणारं व्होल्टेज त्याहून बरंच लहान असलं तरच प्रतिसाद रेषीय राहतो. पण शाबूत रंगाच्या पत्र्यावर जवळपास सगळं व्होल्टेज रंगातच पडतं, धातूच्या वाट्याला काही येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी ५० मिलिव्होल्ट लावले तरी चालतं, उलट संकेताच्या तुलनेत विद्युत गोंगाट कमी होतो. रंगातून पाणी धातूपर्यंत पोचलं की मात्र परत १० वर यायचं.

वारंवारता १०० किलोहर्ट्झपासून खाली ०.०१ हर्ट्झपर्यंत. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर ५०, १०० आणि १५० च्या नेमक्या वारंवारता टाळून बिंदू निवडा. एखाददुसरा बिंदू आलेखातून उडी मारून बाहेर गेला आणि तो नेमका यांच्या जवळ असला, तर दोष पत्र्याचा नाही, अर्थिंगचा आहे.

पहिल्या दिवसाचं चित्र

नायक्विस्टच्या आलेखात आडव्या अक्षावर इम्पिडन्सचा वास्तव भाग आणि उभ्या अक्षावर काल्पनिक भागाचं उलटं चिन्ह घेतात. दोन्ही अक्षांना एकच प्रमाण हवं. सॉफ्टवेअर आपणहून अक्ष ताणतं आणि चपटं झालेलं अर्धवर्तुळ गोल दिसू लागतं. पुढे आपण त्या चपटेपणावरूनच एक आकडा काढणार आहोत, म्हणून हे आधी तपासा. शिवाय या आलेखात वारंवारता कुठेच दिसत नाही, तेव्हा दर दशकाच्या एका बिंदूशेजारी ती लिहून ठेवायची.

पहिल्या दिवशी दिसते ती जवळजवळ सरळ उभी रेघ. ती एका प्रचंड अर्धवर्तुळाची सुरुवात आहे, असं म्हणून काही जण त्यावर वर्तुळ बसवतात आणि रंगाचा रोध दहा-वीस गिगाओहम असल्याचं जाहीर करतात. रेघेचा एवढासा तुकडा कितीही मोठ्या वर्तुळात बसतो. त्या दिवशी प्रामाणिकपणे सांगता येतो तो फक्त कपॅसिटन्स, ०.४४ नॅनोफॅरड, आणि रोधाची खालची मर्यादा. बोडे आलेखात, म्हणजे वारंवारतेसमोर इम्पिडन्स आणि फेज मांडलेल्या आलेखात, हेच फेज −९० अंशांजवळ आणि उतार −१ असा दिसतं.

बाराव्या दिवसाचं चित्र, हातानं वाचलेलं

आता पाणी रंगात मुरलं आहे, काही सूक्ष्म छिद्रं धातूपर्यंत पोचली आहेत. नायक्विस्टमध्ये दोन कमानी दिसतात. पहिली शून्याजवळून निघून २ मेगाओहमपाशी खाली येते. दुसरी तिथून उठून १० मेगाओहमच्या जरा अलीकडे अक्षाजवळ येऊन थांबते.

या चित्रासाठी रूढ असलेलं सर्किट असं: पाण्याच्या रोधानंतर रंगाचा कपॅसिटर `Cc`, त्याला समांतर छिद्रांचा रोध `Rpo`, आणि त्या छिद्राच्या तळाशी, `Rpo` च्या मागोमाग, उघड्या धातूचा दुहेरी थर व त्याला समांतर विद्युतभार-स्थलांतराचा रोध `Rct`. सर्किट कागदावर काढून बघितलं की ते पत्र्याचा आडवा छेदच वाटतं. प्रवाहाला दोनच वाटा आहेत: रंगातून कपॅसिटरसारखं जाणं, किंवा छिद्रातून उतरून धातूवर पोचणं.

`Cc` आधी काढू. १० किलोहर्ट्झला काल्पनिक भाग २७.४ किलोओहम वाचला. तिथे छिद्राची वाट इतकी अवघड आहे की जवळपास सगळा प्रवाह कपॅसिटरमधूनच जातो, म्हणून सरळ भागाकार चालतो:

```
Cc = 1 / (2*pi*1e4*27.4e3) = 5.8e-10 F
```

म्हणजे ०.५८ नॅनोफॅरड. पहिल्या कमानीचा व्यास `Rpo`, २ मेगाओहम. हे दोन्ही बरोबर असतील तर त्या कमानीचा माथा `1/(2*pi*Rpo*Cc)` या वारंवारतेला, म्हणजे १३७ हर्ट्झच्या आसपास सापडायला हवा. आलेखावर लिहिलेल्या वारंवारतांशी ताडून बघा. माथा दहापटीनं दुसरीकडे असेल तर व्यास वाचण्यात चूक आहे किंवा ती कमान रंगाची नाहीच.

दुसरी कमान ८ मेगाओहम रुंद आहे. पूर्ण अर्धवर्तुळ असती तर तिची उंची ४ मेगाओहम भरली असती. मोजली तर ३.१५ भरते. हा चपटेपणा खऱ्या पृष्ठभागावर नेहमीच येतो, कारण सगळ्या जागा एकाच वेगानं प्रतिसाद देत नाहीत. म्हणून इथे शुद्ध कपॅसिटरऐवजी स्थिर-फेज घटक वापरतात. त्याचे दोन आकडे असतात, `Q` आणि `n`. `n` एक असेल तर तो कपॅसिटरच. उंची भागिले अर्धी रुंदी बरोबर `tan(n*pi/4)`, आणि ३.१५ भागिले ४ म्हणजे ०.७८८, त्यावरून `n` ०.८५ येतो. कमानीचा माथा ०.२७ हर्ट्झला आहे, म्हणजे कालांक `tau` ०.५९ सेकंद, आणि `Q = tau**n / Rct` यावरून `Q` ८×१०⁻⁸.

एवढं करायला पेन्सिल, पट्टी आणि दहा मिनिटं लागतात. आणि फिटिंगला लागणारे सगळे सुरुवातीचे अंदाज आता आपल्याकडे आहेत.

फिटिंग

यंत्रासोबत आलेलं सॉफ्टवेअर वापरलं तरी हरकत नाही, पण स्वतःचं लिहिलं तर काय बांधलं आणि काय सोडलं हे लपत नाही. खालच्या फाइलमध्ये वारंवारता, वास्तव भाग आणि काल्पनिक भाग असे तीन स्तंभ आहेत.

```python
import numpy as np
from scipy.optimize import least_squares

f, zr, zi = np.loadtxt("panel_d12.csv", delimiter=",", unpack=True)
w, Z = 2*np.pi*f, zr + 1j*zi
Rs = 10.0

def model(p):
    Cc, Rpo, Q, Rct = 10**p[:4]
    Zm = 1/(1/Rct + Q*(1j*w)**p[4])
    return Rs + 1/(1j*w*Cc + 1/(Rpo + Zm))

def resid(p):
    e = (model(p) - Z)/abs(Z)
    return np.r_[e.real, e.imag]

p0 = np.log10([5.8e-10, 2e6, 8e-8, 8e6]).tolist() + [0.85]
lo, hi = [-12, 3, -10, 4, 0.5], [-6, 10, -3, 11, 1.0]
s = least_squares(resid, p0, bounds=(lo, hi))

cov = np.linalg.inv(s.jac.T @ s.jac) * 2*s.cost/(s.fun.size - 5)
print(10**s.x[:4], s.x[4])
print(230*np.sqrt(np.diag(cov))[:4])   # percent
```

काही यंत्रं तिसऱ्या स्तंभात आधीच उलटं चिन्ह लावून देतात. कपॅसिटरचा काल्पनिक भाग ऋण असायला हवा. तो धन दिसला तर फाइल वाचल्यावर `zi` चं चिन्ह बदला. नाहीतर फिटिंग मर्यादांवर जाऊन आदळतं आणि माणूस अर्धा दिवस सर्किट बदलत बसतो.

फरकाला `abs(Z)` नं भागणं इथे सगळ्यात महत्त्वाचं आहे. वरच्या टोकाला इम्पिडन्स काही किलोओहम आहे, खालच्या टोकाला दहा मेगाओहम. नुसता फरक घेतला तर खालचे चार-पाच बिंदूच सगळा निकाल ठरवतात आणि रंगाचा कपॅसिटन्स वाऱ्यावर जातो. आकडे लॉगमध्ये घेण्याचं कारणही तेच: नॅनोफॅरड आणि मेगाओहम एकाच पायरीनं शोधता येत नाहीत.

उत्तर खरं मानण्याआधी

`resid` चे आकडे वारंवारतेसमोर मांडून बघा. एक-दोन टक्क्यांच्या आत, वर-खाली विस्कळीत पसरलेले असतील तर मॉडेल पुरेसं आहे. लाटेसारखी ठरावीक वळणं दिसली तर काहीतरी राहून गेलं आहे, मग एकूण चूक कितीही लहान असो. अशा वेळी आधी `Cc` च्या जागी स्थिर-फेज घटक घालून बघा. मुरलेल्या रंगात त्याचा `n` एकाहून थोडा कमी निघणं स्वाभाविक आहे.

लाट फक्त खालच्या टोकाला असेल तर सर्किटला हात लावण्याआधी मोजणीवर संशय घ्या. क्रेमर्स-क्रोनिग कसोटी त्यासाठीच असते: रेषीय आणि मोजणीभर न बदलणाऱ्या व्यवस्थेत वास्तव भागावरून काल्पनिक भाग ठरतो आणि उलटही. दोन्ही जुळत नसतील तर पत्रा मोजणीदरम्यान बदलत होता. हातची कसोटी हवी असेल तर खालून वर अशी मोजणी लगेच पुन्हा घ्या आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवा.

मग शेवटच्या ओळीतली टक्केवारी बघा. `Rct` ची अनिश्चितता चाळीस टक्के निघाली तर कारण बहुधा कमान अर्धवट असणं हे असतं. आपल्या उदाहरणात ०.०१ हर्ट्झपर्यंत गेलो म्हणून कमान जवळजवळ मिटली. मोजणी १ हर्ट्झलाच थांबवली असती तर माथासुद्धा आला नसता, आणि `n` थोडा कमी व `Rct` बराच जास्त अशा अनेक जोड्या तितक्याच छान बसल्या असत्या.

एक गोष्ट मात्र कोणतीही संख्या सांगणार नाही. वरच्या सर्किटात दोन्ही जागी शुद्ध कपॅसिटर असतील तर त्याचा आलेख आणि एकामागोमाग एक जोडलेल्या दोन रोध-कपॅसिटर जोड्यांचा आलेख तंतोतंत एकच येतो. दोघांची चूक सारखीच. निवड करायची ती पत्र्याच्या छेदाकडे बघून. फिटचा चांगलेपणा इथे साक्षीदार होऊ शकत नाही.

आकडे धातूच्या भाषेत

`Cc` ०.४४ वरून ०.५८ वर गेला, कारण पाण्याची पर्मिटिव्हिटी ८० च्या आसपास असते आणि रंगाची ५. ब्रॅशर आणि किंग्सबरी यांनी १९५४ मध्ये दिलेल्या सूत्रानं मुरलेलं पाणी काढता येतं: `log(0.58/0.44)/log(80)`, म्हणजे आकारमानाच्या ६.३ टक्के. रंग फुगला नाही आणि पाणी सगळीकडे सारखं पसरलं, असं हे सूत्र धरून चालतं. म्हणून त्याचा आकडा दिवसागणिक तुलनेसाठी चांगला, नेमकं प्रमाण म्हणून नाही.

आता ज्या जागी बहुतेक चुका होतात ती जागा. `Q` हा कपॅसिटन्स नाही, त्याचं एककच वेगळं आहे. त्यावरून कपॅसिटन्स काढायचा तर कालांक भागिले रोध करायचं:

```
Cdl = (Rct*Q)**(1/n) / Rct = 0.59/8e6 = 7.4e-8 F
```

म्हणजे ७४ नॅनोफॅरड. उघड्या पोलादावर दुहेरी थराचा कपॅसिटन्स दर चौरस सेंटिमीटरला २० मायक्रोफॅरडच्या आसपास धरतात. त्या हिशोबानं १० चौरस सेंटिमीटरच्या पत्र्यावर खरोखर ओला झालेला धातू फक्त ०.३७ चौरस मिलिमीटर आहे. टाचणीच्या डोक्याहून लहान.

पुष्कळ अहवालांत `Rct` ला सरळ १० चौरस सेंटिमीटरनं गुणलेलं असतं. तसं केलं आणि रोधावरून गंजण्याचा प्रवाह काढायला लागणारा स्टर्न-गिअरी स्थिरांक २६ मिलिव्होल्ट घेतला तर गंजण्याचा वेग वर्षाला सुमारे ४ नॅनोमीटर येतो, म्हणजे पत्रा जणू अमर. ओल्या क्षेत्रफळानं गुणलं तर रोध सुमारे ३०,००० ओहम-चौरस सेंटिमीटर, प्रवाह चौरस सेंटिमीटरला ०.९ मायक्रोॲम्पिअर, आणि वेग वर्षाला १० मायक्रॉन. आलेख तोच, फिट तोच. उत्तरात २,७०० पटींचा फरक. २० मायक्रोफॅरड हे गृहीतक आहे, प्रत्यक्ष आकडा त्याच्या दुप्पट किंवा निम्मा असू शकतो, पण दोन-तीन पटींची शंका हजारो पटींच्या चुकीपेक्षा परवडते.

रंगाची एकूण स्थिती सांगायला मात्र पूर्ण क्षेत्रफळच योग्य. ०.०१ हर्ट्झचा इम्पिडन्स ९.८ मेगाओहम, गुणिले १०, म्हणजे जवळपास १०⁸ ओहम-चौरस सेंटिमीटर. साधारण १०⁹ च्या वर रंग चांगला अडथळा मानतात आणि १०⁶ च्या खाली संरक्षण संपल्यात जमा. आपला पत्रा मध्ये आहे. तिथे एकाच पत्र्यावर निकाल देऊ नये. एकाच डब्यातल्या रंगाचे तीन पत्रे घेतले तरी `Rpo` मध्ये दहापटीचा फरक सहज पडतो, कारण तो एखाद-दुसऱ्या छिद्रावर अवलंबून असतो. `Cc` मात्र तिन्हींचा जवळ जवळ येतो. तो एखाद्या पत्र्याचाच फार वेगळा आला तर आधी रंगाची जाडी मोजा आणि ओ-रिंगखालून पाणी झिरपून ओलं क्षेत्र वाढलं नाही ना, ते बघा.

पुढच्या आठवड्यांत छिद्रांच्या तळाशी गंज साचला की खालच्या टोकाला ४५ अंशांत वर जाणारी शेपटी निघते. वरच्या मॉडेलमध्ये तेव्हा `n` घसरत ०.६ च्या खाली जाऊ लागतो. तिथून त्यावरून `Cdl` काढणं थांबवायचं, कारण तो घटक आता दुहेरी थराचं नाही तर गंजातून होणाऱ्या विसरणाचं वर्णन करतो आहे. `Rct` च्या मागोमाग विसरण दाखवणारा वॉरबर्ग घटक जोडायचा आणि दोन्ही मॉडेलची `resid` पुन्हा शेजारी शेजारी मांडायची.